आधी अक्ष, मग आकडा

सर्वेक्षणाचे आकडे हलत्या आलेखांतून समजावून सांगणारी फिल्म साधारण एक ते दीड मिनिटाची असते. तिच्यामागे निदान तीन जण असतात: आकडेवारी जाणणारा, निवेदन लिहिणारा आणि अ‍ॅनिमेशन करणारा. हे तिघे बऱ्याचदा एका खोलीतही बसत नाहीत. त्यांच्यात जो कागद फिरतो त्याला या व्यवसायात ब्रीफ म्हणतात. रंग, फॉन्ट, संगीत, लोगो कुठे, हे त्यात असतंच. पण सर्वेक्षणाच्या फिल्मसाठी ब्रीफचा गाभा वेगळा आहे. पडद्यावर कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीनंतर येणार आणि निवेदनातल्या नेमक्या कोणत्या शब्दाला येणार, हे त्यात आधी ठरवून लिहिलेलं असावं लागतं.

छापील आलेख वाचकासमोर एकदम पूर्ण येतो. नजर मथळ्यावरून रेषेवर जाते, पुन्हा अक्षावर येते, तळटीप बघते. किती वेळ घ्यायचा हे वाचक ठरवतो. फिल्ममध्ये ही मुभा नाही. जे हलतं त्याच्याकडे डोळा आपोआप वळतो आणि जे निघून गेलं ते प्रेक्षकाला परत मागता येत नाही. बार्बरा ट्वर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अ‍ॅनिमेशनवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. हलतं चित्र केवळ हलतं म्हणून जास्त समजतं असा पुरावा त्यांना सापडला नाही. हालचाल सांगायच्या गोष्टीशी जुळलेली हवी आणि डोळ्याला ती टिपता येईल इतकी सावकाश, सोपी हवी, या दोन अटी त्यांनी मांडल्या. ब्रीफमधला क्रम आणि वेळ या दोन अटींसाठीच असतात.

हे काम एका खऱ्या आकड्यावर करून पाहिलं की त्यातल्या अडचणी दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून भारतात होत आलं आहे आणि मुंबईच्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था त्याची मध्यवर्ती संस्था आहे. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबांत जाऊन ७ लाख २४ हजार स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. त्यातून निघालेला एक आकडा बातम्यांत नेहमी येतो: २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. याच्यावर ऐंशी सेकंदांची मराठी फिल्म करायची आहे, असं धरून चालू.

ब्रीफची पहिली ओळ म्हणजे फिल्मचं एका वाक्यातलं म्हणणं. ‘बालविवाहाची स्थिती’ हा विषय झाला, म्हणणं नव्हे. म्हणणं आकड्यांतूनच काढावं लागतं. पाच फेऱ्यांचे आकडे असे आहेत: १९९२-९३ मध्ये सुमारे ५४ टक्के, १९९८-९९ मध्ये ५०, २००५-०६ मध्ये ४७.४, २०१५-१६ मध्ये २६.८ आणि शेवटी २३.३. पहिल्या तेरा वर्षांत प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास उतरलं, म्हणजे वर्षाला अर्धा टक्का. पुढच्या दहा वर्षांत ते वीस टक्क्यांहून जास्त उतरलं, वर्षाला दोन टक्के. त्यानंतरच्या साधारण साडेचार वर्षांत साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला पाऊण टक्क्याच्या जवळपास. तेव्हा फिल्मचं वाक्य असं ठरतं: बालविवाह कमी होत आले आहेत, मधल्या दहा वर्षांत ते झपाट्याने कमी झाले आणि आता तो वेग मंदावला आहे. या वाक्यात तीन पावलं आहेत, म्हणून मुख्य आलेखही तीन पावलांतच उलगडायचा.

दुसरी ओळ त्याहून महत्त्वाची आणि तीच सर्वांत जास्त वेळा गाळली जाते: हे शंभरातले तेवीस कुणाच्या शंभरातले? हा आकडा आज पंधरा-सोळा वर्षांच्या असलेल्या मुलींचा नाही. मुलाखतीच्या दिवशी ज्यांचं वय २० ते २४ होतं, त्या स्त्रियांचा आहे. असं का, तर आजच्या सोळा वर्षांच्या मुलीचं पुढच्या दोन वर्षांत काय होईल ते माहीत नसतं. वीस पूर्ण झालेल्या स्त्रीच्या बाबतीत अठराच्या आत लग्न झालं की नाही हा प्रश्न कायमचा मिटलेला असतो. याचा परिणाम असा की आकडा नेहमी थोडा मागचा काळ दाखवतो. २०१९-२१ मध्ये २० ते २४ वयाच्या स्त्रिया त्याआधी दोन ते सात वर्षांपूर्वी अठराच्या झाल्या, म्हणजे २०१२ ते २०१९ या काळात. करोनाच्या टाळेबंदीत झालेला एकही बालविवाह या २३.३ मध्ये असू शकत नाही, जरी फेरीच्या कामाचा काही भाग करोनाच्या काळात झाला असला तरी. शेवटच्या बिंदूपाशी मास्क घातलेली नवरी किंवा बंद शाळेचं चित्र टाकण्याचा मोह होतो आणि असं चित्र सरळ चुकीचं ठरतं. त्यामुळे ब्रीफमध्ये काय दाखवायचं याच्याजोडीला काय दाखवायचं नाही हेही लिहावं लागतं, आणि इथे ते लिहिणं अत्यावश्यक आहे.

म्हणूनच उलगडण्याच्या क्रमात सर्वांत आधी आकडा येत नाही, माणसं येतात. पहिल्या तेरा सेकंदांत पडद्यावर एकही टक्केवारी नाही. शंभर लहान आकृत्यांचा एक गट दिसतो, त्याच्यावर ‘२० ते २४ वयाच्या स्त्रिया’ एवढाच मजकूर. निवेदन असं: ‘भारतात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांना सर्वेक्षकांनी विचारलं, तुमचं लग्न झालं तेव्हा तुमचं वय काय होतं? उत्तरातून एक प्रमाण निघतं, अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचं.’ हे सव्वीस शब्द आहेत. सावकाश, स्पष्ट वाचनात मराठीचा वेग सेकंदाला दोन शब्दांच्या आसपास पडतो, त्यामुळे तेरा सेकंद. शेवटच्या शब्दाला गटातल्या काही आकृत्यांचा रंग बदलतो, पण किती ते मोजता येण्याआधीच गट आक्रसून एक ठिपका होतो. हा ठिपकाच पुढे आलेखावर फिरणार आहे. प्रेक्षकाने त्या ठिपक्यात शंभर स्त्रिया जाताना पाहिलेल्या असल्या की पुढे ठिपका वर-खाली झाला तर त्याला कशाचं प्रमाण बदलतंय हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग अक्ष. अनेक फिल्ममध्ये अक्ष, रेषा, आकडे आणि मथळा एकाच झटक्यात उगवतात आणि प्रेक्षक पहिले चार सेकंद नुसता चाचपडत राहतो. इथे रिकामी चौकट आधी काढायची. आडवा अक्ष डावीकडून उजवीकडे सरकतो आणि त्यावर पाच वर्षं उमटतात. मग उभा अक्ष शून्यापासून वर जातो आणि साठवर थांबतो. शून्यापासून सुरुवात का, याचं कारण ब्रीफमध्ये एका ओळीत द्यावं, नाहीतर जागा वाचवण्यासाठी कुणीतरी तो वीसपासून सुरू करतो आणि शेवटचा बिंदू जमिनीला टेकलेला दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं, प्रश्न संपला.

आडव्या अक्षावरची चूक याहून लपलेली असते. सॉफ्टवेअरला पाच नावं दिली की ते ती समान अंतरावर मांडतं. प्रत्यक्षात फेऱ्यांमधली अंतरं साधारण सहा, सात, दहा आणि साडेचार वर्षांची आहेत. समान अंतर ठेवलं तर दहा वर्षांत झालेली घसरण कड्यासारखी उभी दिसते आणि साडेचार वर्षांतली जवळजवळ सपाट. वेग मंदावला हे खरं आहे, पण समान अंतराने तो खऱ्याहून जास्त मंदावलेला दिसतो. आपलं म्हणणं आणखी ठसठशीत होतंय म्हणून ही चूक चालवून घ्यायची नसते. ब्रीफमध्ये बिंदूंची जागा मोजून द्यावी: १९९२ ते २०२१ ही २९ वर्षं अक्षाच्या १,१६० पिक्सेलवर पसरवली, तर प्रत्येक वर्षाला ४० पिक्सेल मिळतात आणि प्रत्येक फेरी आपल्या काळाच्या मध्यावर बसवता येते. अ‍ॅनिमेटरला अंदाज करायला जागाच उरत नाही.

आता रेषा. पहिले दोन बिंदू, ५४ आणि ५०, फिकट रंगात आणि तुटक रेषेने, निवेदनातल्या एकाच वाक्यात येऊन जातात. ते पूर्ण गाळावेत असं अनेकांना वाटतं, कारण फिल्मचा भर मधल्या घसरणीवर आहे. पण ते गाळले तर वर्षाला दोन टक्क्यांची घसरण हीच नेहमीची चाल असल्याचा समज होतो आणि तो खरा नाही. तुटक रेषेमागे मात्र सर्वेक्षणातलंच कारण आहे. पहिल्या दोन फेऱ्यांत वैयक्तिक मुलाखती फक्त लग्न झालेल्या स्त्रियांच्या होत होत्या, अविवाहित स्त्रियांची मोजणी कुटुंबाच्या यादीवरून घेतली जाई. तिसऱ्या फेरीपासून सगळ्याच स्त्रियांच्या मुलाखती सुरू झाल्या. आकड्यांची तुलना चालते, पण रेषेचा पोत बदलला की जाणकाराला ते दिसतं आणि इतरांना त्याचा त्रास होत नाही.

यापुढचा बारा-पंधरा सेकंदांचा तुकडा हा फिल्मचा कणा. निवेदन: ‘दोन हजार पाच-सहामध्ये शंभरातल्या सत्तेचाळीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. दहा वर्षांनी हा आकडा सत्तावीसवर आला. त्यानंतरच्या सर्वेक्षणात तो तेवीसपर्यंतच उतरला.’ लिहिताना आकडे अक्षरांत लिहिले आहेत, ते मुद्दाम. संहितेत ‘४७.४%’ असं टाइप केलं तर तो एक शब्द मोजला जातो. वाचणारा मात्र ‘सत्तेचाळीस पूर्णांक चार टक्के’ असे चार शब्द वाचतो आणि दोन सेकंद जातात. अशा पाच आकड्यांनी फिल्म सात-आठ सेकंदांनी लांबते आणि ते ध्वनिमुद्रणाच्या दिवशी कळतं. म्हणून संहिता अक्षरी आकड्यांनीच लिहायची आणि वेळ मोठ्याने वाचून, घड्याळ लावून मोजायची. ऐकायला पूर्णांक पुरे. दशांश पडद्यावर ठिपक्याशेजारी लिहिलेला असतो. २६.८ ला निवेदनात सत्तावीस म्हटलं तर पडद्यावर २६.८ राहू द्यायला हरकत नाही, कारण हे रूपांतर प्रेक्षक सहज करतो. उलट कानावर ‘सव्वीस’ आणि डोळ्यासमोर २६.८ असं झालं तर क्षणभर गोंधळ होतो.

या तुकड्याची वेळ फ्रेममध्ये बांधली जाते. भारतात दूरचित्रवाणीच्या चालीने २५ फ्रेमचा सेकंद धरतात, म्हणून ऐंशी सेकंदांच्या २,००० फ्रेम होतात. मात्र ब्रीफमध्ये ‘सव्विसाव्या सेकंदाला ठिपका’ असं लिहिणं टिकत नाही, कारण निवेदकाने एक श्वास जास्त घेतला की पुढचं सगळं सरकतं. खूण शब्दाला बांधावी. ‘सत्तेचाळीस’ या शब्दाच्या सहा फ्रेम आधी ठिपका हलू लागतो आणि शब्द संपताना जागेवर बसतो. किंचित आधी सुरू करण्यामागे साधं कारण आहे: हालचाल दिसल्यावर डोळा तिकडे जायला थोडा वेळ लागतो आणि शब्द कानी पडेपर्यंत नजर तिथे पोचलेली हवी. शब्दानंतर हालचाल झाली तर आवाज आणि चित्र एकमेकांच्या मागे धावत असल्यासारखे वाटतात. रिचर्ड मेयर यांनी शिकण्याच्या प्रयोगांतून हेच दाखवलं आहे की शब्द आणि त्याचं चित्र एकाच वेळी आले तर जास्त समजतं.

इथे मराठी वाक्याची ठेवण उपयोगी पडते. क्रियापद शेवटी येत असल्याने ‘सत्तावीसवर’ हा शब्द आधी पडतो आणि ‘आला’ नंतर. ठिपका ‘दहा वर्षांनी’ या शब्दांवर उजवीकडे निघतो, त्याच्यामागे रेषा ओढली जाते, ‘सत्तावीसवर’ला तो पोचतो आणि ‘आला’ म्हणेपर्यंत शेजारी २६.८ उमटलेलं असतं. मग दीड सेकंद पूर्ण स्तब्धता. आवाजही नाही, हालचालही नाही. ही जागा कापायला सर्वांत आधी सगळे धावतात, कारण टाइमलाइनवर ती रिकामी दिसते. पण प्रेक्षक आकडा वाचतो, मागच्या आकड्याशी ताडून पाहतो, ते याच दीड सेकंदात. पुढच्या वाक्यात भर ‘तेवीसपर्यंतच’मधल्या ‘च’वर आहे, म्हणून निवेदकाच्या प्रतीत त्या ‘च’खाली रेघ मारलेली असावी. तो ‘च’ घसरला तर तीच घसरण आनंदवार्ता वाटते.

ठिपका कोणत्या गतीने जातो, हा वरवर तांत्रिक वाटणारा मुद्दाही आशयाचा आहे. वेळ पडद्यावर जागेच्या रूपात दाखवला असेल तर आडव्या दिशेचा वेग एकसारखा हवा, म्हणजे दहा वर्षांचं अंतर पार करायला साडेचार वर्षांच्या दुपटीहून थोडा जास्त वेळ. प्रत्येक टप्प्याला सरसकट एक सेकंद दिला तर दोन्ही काळ सारखे वाटतात. अ‍ॅनिमेशनमध्ये हालचालीच्या सुरुवातीला आणि शेवटी वेग कमी ठेवायची पद्धत आहे; ती डोळ्याला सुखावते आणि इथेही ठेवावी, पण प्रत्येक टोकाला पाच-सहा फ्रेमपुरतीच. जे अजिबात चालवू नये ते म्हणजे स्प्रिंगसारखी उसळी. ठिपका २६.८ च्या खाली २४ पर्यंत जाऊन परत वर येतो तेव्हा सात-आठ फ्रेम तरी पडद्यावर खोटा आकडा असतो, आणि नेमक्या त्या क्षणी कुणी स्क्रीनशॉट घेतला तर तोच फिरतो. शून्यापासून गरगरत वर चढणारा आकडाही याच जातीचा. वीस, एकवीस, बावीस हे मधले आकडे कुणाचेच नसतात. शिवाय अनेक फॉन्टमध्ये देवनागरी अंकांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे फिरता आकडा डावी-उजवीकडे थरथरतो. आकडा जागच्या जागी आठ फ्रेममध्ये उमटवावा.

देवनागरीची आणखी एक अडचण ब्रीफमध्ये नोंदवायची असते. मजकूर एकेक अक्षर करत आणण्याची तयार अ‍ॅनिमेशनं रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून बनलेली असतात. त्यांत ‘स्त्रिया’ हा शब्द घातला की वेलांटी एकीकडून आणि जोडाक्षर दुसरीकडून येतं, कधी शिरोरेघ तुटते. म्हणून मजकूर शब्दाशब्दाने आणावा. मजकुराच्या चौकटीला वर पुरेशी जागा सोडावी, म्हणजे ‘लैंगिक’सारख्या शब्दातली मात्रा आणि अनुस्वार कापले जात नाहीत. निवेदनाचं आख्खं वाक्य पडद्यावर पुन्हा लिहायचं टाळावं. तसं केलं की डोळे वाक्य वाचण्यात गुंततात आणि आलेख कुणी बघत नाही. पडद्यावर फक्त नावं आणि आकडे. ज्यांना आवाज ऐकू येत नाही किंवा जे मोबाइलचा आवाज बंद ठेवून बघतात त्यांच्यासाठी उपशीर्षकांचा थर वेगळा, आणि आलेखाचा खालचा पाचवा भाग त्यासाठी मोकळा ठेवलेला.

साधारण पन्नासाव्या सेकंदाला सरासरी फुटते. ग्रामीण भागात हे प्रमाण २७ टक्के, शहरी भागात १४.७. सवयीने अ‍ॅनिमेटर जुना आलेख पुसून दोन नवे स्तंभ आणतो. त्याऐवजी २३.३ चा ठिपकाच दोन ठिपक्यांत दुभंगावा: एक वर सरकतो आणि २७ वर थांबतो, दुसरा खाली जाऊन १४.७ वर. नवे ठिपके जुन्यातूनच निघाले हे दिसतं, म्हणून नवा आलेख नव्याने समजून घ्यावा लागत नाही. इथे एक सुंदर गोष्ट आपोआप दिसते. वर जाणारा ठिपका पावणेचार टक्के चढतो आणि खाली जाणारा साडेआठ टक्क्यांहून जास्त उतरतो. अंतर सारखं नाही, कारण देशातल्या या वयाच्या स्त्रियांपैकी जास्त जणी ग्रामीण भागात राहतात आणि सरासरी त्यांच्या बाजूला ओढलेली असते. ग्रामीण ठिपका त्या प्रमाणात मोठा काढला तर निवेदनात एक शब्दही न वाढवता हे पोचतं. जेफ्री हीर आणि जॉर्ज रॉबर्टसन यांनी २००७ मध्ये आलेखांच्या अशा रूपांतरांवर प्रयोग केले होते. सोप्या, एकामागून एक टप्प्यांत झालेली रूपांतरं पाहणाऱ्याला जास्त बरोबर समजतात, असं त्यांना आढळलं. म्हणून आधी दुभंगणं, मग सरकणं, मग नाव, मग आकडा. सगळं एकदम नाही.

त्यानंतर राज्यं, आणि इथे क्रमाचा धोका सर्वांत मोठा. पाचव्या फेरीत पश्चिम बंगाल ४१.६, बिहार ४०.८ आणि त्रिपुरा ४०.१ टक्के. स्तंभ एकामागून एक वर येत ‘पहिला क्रमांक’ जाहीर करणारी शर्यत लोकांना फार आवडते. पण हे नमुना सर्वेक्षण आहे. प्रत्येक आकड्याभोवती थोडी अनिश्चितता असते आणि एक-दीड टक्क्याच्या फरकावर क्रमांक लावणं म्हणजे आकड्यांत नसलेली गोष्ट दाखवणं. ही तिन्ही राज्यं एकाच हालचालीत, एकाच फ्रेमला, एकत्र यावीत. केरळ ६.३ टक्क्यांवर वेगळं येऊ दे. तो फरक कुठल्याही अनिश्चिततेहून मोठा आहे.

मराठी प्रेक्षकांसाठी फिल्म असल्याने शेवटचा टप्पा महाराष्ट्राचा: चौथ्या फेरीत २६.३, पाचव्यात २१.९, म्हणजे देशाच्या सरासरीहून किंचित खाली. राज्यातलं काम फेरीच्या पहिल्या टप्प्यात, २०१९ मध्येच झालं, त्यामुळे इथल्या बिंदूचं वर्ष देशाच्या बिंदूच्या वर्षासारखं लिहू नये. जिल्ह्यांत गेल्यावर चित्र पार बदलतं. परभणीत ४८ टक्के, बीडमध्ये ४३.७. हे दोन आकडे दाखवायलाच हवेत, कारण २१.९ च्या आत मराठवाड्यातला प्रश्न लपून जातो. पण प्रत्येक जिल्ह्यात नऊशेच्या आसपास कुटुंबं निवडलेली असतात आणि त्यांतल्या २० ते २४ वयाच्या स्त्रिया थोड्याच. समजा अशा दीडशे जणी भेटल्या, तर साध्या नमुन्याच्या हिशोबानेही ४८ टक्क्यांभोवती दोन्ही बाजूंना सुमारे आठ टक्क्यांची जागा सोडावी लागते. वस्तीनिहाय निवडीमुळे ती आणखी वाढते. म्हणजे परभणी आणि बीड यांच्यात पुढे कोण, मागे कोण हे या आकड्यांवरून ठरत नाही. दोन्ही राज्याच्या सरासरीहून खूप वर आहेत, एवढं मात्र ठामपणे म्हणता येतं. म्हणून जिल्ह्याचा ठिपका टोकदार न काढता वर-खाली विरत जाणाऱ्या पट्ट्याच्या रूपात काढावा आणि पट्टा आधी, ठिपका नंतर आणावा. उलट केलं की ठिपका मनात बसतो आणि पट्टा शोभेचा वाटतो. निवेदन त्याला साजेसं: ‘परभणी आणि बीडमध्ये हे प्रमाण राज्याच्या जवळपास दुप्पट आहे.’ सोळा फ्रेममध्ये पट्टे उमटतात, ‘दुप्पट’ला राज्याची आडवी रेषा गडद होते. बाकीचे जिल्हे करड्या रंगात, नावांशिवाय मागे राहतात.

ब्रीफ पूर्ण झालं की अ‍ॅनिमेशन सुरू करण्याआधी त्याची कच्ची तपासणी होते. लिहिणाऱ्यानेच मोबाइलवर वाचलेलं निवेदन, स्थिर रेखाटनं आणि त्यांच्या जागा, इतकं एकत्र करून ऐंशी सेकंदांचं कच्चं रूप बनवतात. ते विषय माहीत नसलेल्या चार-पाच जणांना दाखवून एकच प्रश्न विचारायचा: तेवीस टक्के कुणाचे? उत्तर ‘मुलींचे’ असं आलं तर पहिले तेरा सेकंद कमी पडले आहेत आणि पुढची सजावट ते भरून काढणार नाही. दुसरी तपासणी आवाज बंद करून, तिसरी पडदा झाकून. पडदा झाकल्यावर ‘हा आकडा’, ‘इथे बघा’ अशी वाक्यं लगेच पकडली जातात, कारण त्यांतून न पाहू शकणाऱ्याला काहीच कळत नाही. चौथी तपासणी कुठल्याही फ्रेमला थांबवून: त्या क्षणी पडद्यावर जे आहे ते एकटंच बाहेर गेलं तर खोटं ठरेल का? म्हणूनच स्रोत आणि वर्षाची बारीक ओळ शेवटच्या पाटीवर न ठेवता आलेख दिसत असेपर्यंत सतत खाली ठेवायची असते.

खऱ्या निवेदकाचं ध्वनिमुद्रण आल्यावर खुणेचे शब्द त्याच्या आवाजात नव्याने शोधून टाइमलाइनवर बसवतात. मुद्रण दोन-तीन सेकंदांनी लांबलं तर आकड्यांनंतरच्या स्तब्धतेत हात घालायचा नसतो. वाक्यातले शब्द कमी करून तो तुकडा पुन्हा वाचून घ्यायचा असतो. याच फिल्मची हिंदी किंवा कोंकणी आवृत्ती करायची झाली तर ब्रीफमधला क्रम तसाच राहतो. वाक्यांची लांबी आणि आकड्यांचे उच्चार बदलतात, म्हणून प्रत्येक भाषेसाठी खुणेच्या शब्दांचा रकाना वेगळा भरावा लागतो आणि सेकंदांचा रकाना त्या-त्या ध्वनिमुद्रणानंतरच भरला जातो.